कळमन्यातल्या एका हमालाचं वजन

हा रुग्ण माझ्याकडे आला तेव्हा जानेवारी २०२५ चा दुसरा आठवडा होता. वय ३४. नागपूरच्या कळमना बाजारात हमाली करणारा, मूळचा भंडारा जिल्ह्यातला. दोन महिन्यांपासून खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. जंतू रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या मुख्य औषधाला दाद देणारे होते. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी होते, तीही पॉझिटिव्ह आली. प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या सीडी४ पेशी ११२, म्हणजे फार कमी. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञाकडे पाठवताना चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं : "वजन फार घटलं आहे, पाहावे." (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.)

सोबत पत्नी होती. तिला दोन्ही आजारांची माहिती होती आणि तिची स्वतःची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली होती. घरी त्याची आई आणि दोन मुलं. आईला क्षयरोग माहीत होता, एचआयव्ही नाही. हे मी पहिल्याच भेटीत विचारून घेतलं, कारण आहाराचा सल्ला घरापर्यंत जातो आणि गोळ्यांच्या वेळांचा कागद भिंतीवर चिकटवला जातो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार त्याच्या संमतीशिवाय ही गोष्ट कोणाला कळता कामा नये. म्हणून त्याच्या वेळांच्या कागदावर आम्ही औषधांची नावं लिहिली नाहीत. नुसत्या वेळा आणि गोळीचा रंग लिहिला.

वजन करताना मी चप्पल, मोबाईल आणि खिशातल्या पुड्या बाजूला ठेवायला लावल्या. आधीच्या कागदावर ४३ किलो होतं, माझ्या काट्यावर ४१.२ भरलं. दीड-दोन किलोचा फरक इथे किरकोळ नसतो, कारण क्षयरोगाच्या एकत्रित गोळ्या वजनाच्या गटानुसार ठरतात. ३५ ते ४९ किलोला रोज ३ गोळ्या, ५० ते ६४ ला ४. या रुग्णाचा गट दोन्ही आकड्यांनी तोच राहिला, पण ३४ आणि ३५ च्या सीमेवरच्या माणसाचा डोस अशा चुकीने बदलू शकतो.

उंची १६२ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय १५.७. आजाराआधीचं वजन त्याला आठवत नव्हतं. बाजारातल्या धर्मकाट्यावर हमाल लोक गमतीने उभे राहतात, तिथे दिवाळीच्या आधी ५४ भरल्याचं पत्नीला आठवलं. म्हणजे अडीच-तीन महिन्यांत जवळपास १३ किलो, आधीच्या वजनाच्या सुमारे २४ टक्के. बीएमआय १६ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. १४ च्या खाली गेला असता, किंवा पायावर सूज, धाप, उठून उभं राहता न येणं यांपैकी काही दिसलं असतं, तर मी घरी पाठवण्याला हरकत घेऊन भरती करायला सांगितलं असतं. तो चालत आला होता, पायावर सूज नव्हती, ताप उतरणीला लागला होता. घरूनच उपचार करायचं ठरलं.

रक्तात हिमोग्लोबिन ८.४ आणि अल्ब्युमिन हे प्रथिन २.४. अल्ब्युमिन कमी दिसलं की "प्रथिनं कमी पडताहेत, पावडर लिहा" असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. पण शरीरात मोठा दाह चालू असला की यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, मग माणूस कितीही जेवो. म्हणून आहार लागू पडतो आहे की नाही हे मी या आकड्यावरून ठरवत नाही. हिमोग्लोबिनचंही बरंचसं तसंच असतं. डॉक्टरांनी लोहाची गोळी लगेच सुरू केली नाही, क्षयरोगाचे उपचार अंगी लागेपर्यंत थांबायचं ठरवलं. हा निर्णय पुढे महत्त्वाचा ठरला, कारण घरी तो कोणाला पटला नाही.

तो काय खातो हे विचारल्यावर आधी आलं ते ठरलेलं उत्तर : "सगळंच खातो जी, वरण-भात, पोळी-भाजी." कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाने सांगायला लावला तेव्हा खरं चित्र दिसलं. सकाळी कोरा चहा आणि दोन टोस्ट. मग थेट दुपारी एक वाजता दोन पोळ्या आणि चटणी. त्यातली निम्मी पोळी चहात बुडवून, कारण तोंड भाजतं. रात्री भात आणि पातळ वरण. मध्ये दोनदा चहा, आणखी एकदा शेजारी. अंदाजे मोजलं तर ९०० ते ९५० कॅलरी आणि २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. त्याची गरज मी योग्य वजनावरून काढते. १६२ सेंटिमीटर उंचीला साधारण ५५ किलो धरलं, किलोमागे ४० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे दिवसाला २,२०० कॅलरी आणि ६६ ते ८२ ग्रॅम प्रथिनं. तो निम्म्याहूनही कमी खात होता.

तोंड का भाजतं हे पाहायला तोंड उघडायला सांगितलं. जिभेवर आणि टाळूवर पांढरे थर होते, एचआयव्हीत होतो तो बुरशीचा संसर्ग. पण त्याखालचं आणखी काही नागपूरकराला ओळखता येतं. गालाच्या आतली त्वचा पांढुरकी आणि ताठर, तोंडात जेमतेम दोन बोटं जातील एवढीच फट. खर्रा. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेली ती पुडी तो पंधरा वर्षं खात होता. आजाराआधी दिवसाला पाच, आता दोन. पाच पुड्यांचे तो सांगतो ते पैसे दिवसाला सव्वाशे रुपये. त्याहून मोठी गोष्ट त्याच्या पत्नीने सांगितली : "खर्रा तोंडात असला का याइले भूकच नाही लागत जी. दुपारचा डबा तसाच वापस येते." जेवणाच्या जागी खर्रा बसला होता. मी त्याला खर्रा सोडा म्हणून दटावलं नाही, कारण त्या दिवशी त्याला सांगायच्या गोष्टी आधीच फार होत्या. एवढंच ठरलं की जेवणाच्या आधी एक तास पुडी उघडायची नाही. तंबाखूमुक्तीच्या समुपदेशकाकडे पुढच्या भेटीत पाठवलं.

बुरशीच्या गोळीबद्दल एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली. फ्लुकोनाझोल हे रिफाम्पिसिनमुळे शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे चार-पाच दिवसांत तोंड सुधारलं नाही तर "रुग्ण गोळ्या घेत नसेल" असं समजून चालत नाही. त्याचं तोंड आठवड्यात साफ झालं. पहिले दोन आठवडे मात्र पोळी बंद, तिखट बंद. मऊ खिचडी, ताकातली आंबील, उकडून कुस्करलेलं अंडं, वरणात शिजवलेला भात.

इतकं कमी वजन आणि इतकं कमी खाणं असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी २,२०० कॅलरी लिहून देणं धोक्याचं असतं. उपाशी शरीराला अचानक भरपूर पिष्टमय अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. मग पायावर सूज, धाप, हृदयाचे ठोके बिघडणं अशी गुंतागुंत होऊ शकते. ज्याच्या पोटात दहा दिवस जवळजवळ काहीच गेलेलं नाही त्याला किलोमागे १० कॅलरींपासून सुरुवात करतात. हा माणूस आधीच किलोमागे २२-२३ कॅलरी खात होता, म्हणून त्याला त्याखाली आणण्यात अर्थ नव्हता. आम्ही तिथूनच वर निघालो. थायमिनची गोळी आधी सुरू केली, तिन्ही क्षार तपासले, आणि दर दोन-तीन दिवसांनी दोनशेच्या आसपास कॅलरी वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण आहारावर यायचं ठरवलं. पत्नीला सांगितलं, पाय सुजले किंवा बसल्या जागी धाप लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. आठव्या दिवशी क्षार पुन्हा तपासले, ठीक होते.

आता वाढवायचं कशाने? टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून. त्याआधी ५०० होते. पैसे तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत थेट खात्यात येतात. दिवसाला ३३ रुपये. मी त्या दोघांसमोर कागदावर हिशेब मांडला. त्या वेळच्या भावाने दोन अंडी, ५० ग्रॅम फुटाणे, ४० ग्रॅम शेंगदाणे आणि भातावर दोन चमचे तेल एवढं तीसेक रुपयांत बसतं. त्यातून सुमारे साडेसहाशे कॅलरी आणि ३३ ग्रॅम प्रथिनं मिळतात. म्हणजे त्याच्या २२ ग्रॅमचे ५५ झाले. उरलेलं डाळ घट्ट करून आणि सोयाबीनच्या वड्या भातात टाकून भरता येत होतं. शिवाय बीएमआय १८.५ च्या खाली असलेल्या रुग्णांना पहिले दोन महिने शासनाकडून ऊर्जादायी पोषण पूरक मिळतं, तेही त्याला लागू होतं.

कागदावर हा हिशेब सुंदर दिसतो. पण जेवण एका माणसासाठी शिजत नाही, पाच जणांच्या पातेल्यात शिजतं. म्हणून मी पत्नीला घरगुती उपासमार मोजणारे तीन प्रश्न विचारले. गेल्या चार आठवड्यांत घरात खायला काहीच नाही असं किती वेळा झालं? पाच-सहा वेळा. कोणी उपाशी झोपलं का? ती थोडा वेळ गप्प राहिली. "मी झोपते. पोट्टे झोपल्यावर पातेलं पाहाव, राहिलं तर खावं." किती वेळा? "बहुतेक रोजच." दिवस-रात्र काहीच न खाता गेली का? नाही. पहिल्या उत्तराला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला शून्य, एकूण ३. पट्टीवर याला मध्यम उपासमार म्हणतात. मला तो शब्द या घराला फार सौम्य वाटतो. तिचंही वजन केलं, ४० किलो भरलं. ती त्याच्यासोबत एका खोलीत झोपते आणि आमच्या नोंदवहीत तिचं नाव फक्त "संपर्कातील व्यक्ती" म्हणून होतं.

रेशनचा प्रश्न वेगळाच निघाला. कार्ड गावाकडचं, त्यावर आठ नावं. पाच यांची, तीन भावाच्या घरची. माणशी ५ किलोप्रमाणे ४० किलो धान्य दर महिन्याला गावात उचललं जात होतं आणि नागपुरात हे लोक दुकानातून तांदूळ विकत घेत होते. आपलं धान्य नागपूरच्या रेशन दुकानात उचलता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. कार्ड बदलावं लागत नाही, आधार जोडलेलं असलं की पुरतं, आणि सगळं धान्य एकाच ठिकाणी घ्यावं लागतं असंही नाही. अडचण अंगठ्याची आली. पोती उचलून त्याच्या बोटांचे ठसे इतके झिजलेत की यंत्र ओळखत नाही. पत्नीचा अंगठा लागला. फेब्रुवारीत पहिल्यांदा यांचे २५ किलो नागपुरात घरी आले. भावाशी त्यावरून बोलाचाली झाली, ती मिटायला महिना गेला.

गोळ्यांचं घड्याळ मात्र पहिल्याच भेटीत नीट बसवायला हवं होतं आणि तिथे मी एक गोष्ट अपुरी ठेवली.

क्षयरोगाच्या तीन गोळ्या सकाळी उपाशीपोटी, कारण भरल्या पोटी, विशेषतः तेलकट जेवणाबरोबर, रिफाम्पिसिन कमी शोषलं जातं. सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, कारण त्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिडमुळे ते कमी पडतं आणि पायांना मुंग्या येतात. एचआयव्ही आणि कुपोषण असलेल्या माणसात हे आणखी लवकर होतं. पंधरा दिवसांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झाली. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर यांची एक गोळी रात्री ९ वाजता. रिफाम्पिसिन यकृतातली विकरं जागी करतं आणि डोल्युटेग्रॅविर शरीरातून भराभर काढून टाकतं, म्हणून रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत डोल्युटेग्रॅविरची ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी बारा तासांच्या अंतराने, सकाळी ९ ला. हे सगळं त्याला समजलं होतं आणि तो मोबाईलचा गजर लावून घेत होता.

एका महिन्यानंतर वजन ४२.३. थोडं, पण वर. दोन महिन्यांनी, मार्चच्या मध्यात, ४१.६.

झारखंडमध्ये झालेल्या आहारविषयक मोठ्या अभ्यासात असं दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढतं त्यांचा मृत्यूचा धोका बराच कमी असतो. या रुग्णासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २ किलो. तो ४३.३ वर असायला हवा होता आणि महिन्याभरात उलट ७०० ग्रॅम उतरला होता.

अशा वेळी आहारतज्ज्ञाने "नीट खात नसेल" एवढ्यावर थांबू नये. जंतू औषधाला दाद देत नसतील. एआरटीनंतर प्रतिकारशक्ती परतताना क्षयरोगाची लक्षणं पुन्हा उफाळली असतील. गोळ्यांनी यकृताला इजा झाली असेल, तिचं पहिलं लक्षण अनेकदा भूक मरणं हेच असतं. जुलाब असतील, साखर वाढली असेल. म्हणून आधी डॉक्टर. थुंकी निगेटिव्ह, ताप नाही, गाठी नाहीत, यकृताचे आकडे ठीक, साखर ठीक, जुलाब नाहीत. हे सगळं बाजूला पडल्यावरच मी त्याचा दिवस पुन्हा तासातासाने मांडायला बसले. या वेळी घरी जाऊन, त्याच्या परवानगीने, क्षयरोगाच्या कार्यकर्त्या म्हणूनच.

घरी गेल्यावर कळलं की तो चार आठवड्यांपासून पुन्हा बाजारात जातो आहे. दवाखान्यात हे कोणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. खोकला थांबला, अंगात बळ आलं असं वाटलं, घरात पैसे नव्हते. पत्नी मिरचीचे देठ तोडायला जाते, त्यावर पाच माणसं चालत नाहीत. ४२ किलोचा माणूस ५० किलोची पोती पाठीवर घेत होता. या कामाला रोज चार-पाचशे कॅलरी तरी जास्त लागतात, आणि माझा २,२०० चा आकडा घरी विश्रांती घेणाऱ्या रुग्णाचा होता.

बाजार लवकर सुरू होतो. तो सहाला गोळ्या घ्यायचा, तासभर काही खायचं नाही हे त्याने अक्षरशः पाळलं, आणि साडेसहाला घर सोडायचा. म्हणजे नाश्ता गेला. गोळ्यांनी मळमळ व्हायची, ती दाबायला खर्रा. दुपारी एकपर्यंत पोट रिकामं. "उपाशीपोटी घ्या" हे मी सांगितलं होतं. "आणि त्यानंतर किती वाजता, कुठे, काय खाणार" हे विचारलं नव्हतं. अपुरं राहिलं ते हे.

पोषण पावडरचा डबा फळीवर होता, जवळपास रिकामा. मोठी मुलगी ७ वर्षांची, धाकटा ४. आजीने साधेपणाने सांगितलं : "लेकरं मांगतात माय, त्याईले नाही कसं म्हणू? बाप पेते अन् लेकरं पाह्यतात." मी तिला चूक म्हणू शकले नाही. पावडर एका माणसाची आणि घरात भुकेली माणसं पाच, मग ती पाचात वाटली जाणारच.

आणि फळीवर त्या डब्याशेजारी एक बाटली होती, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची. दवाखान्यात रक्त कमी सांगितलं आणि गोळी मात्र दिली नाही, म्हणून आजीने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून "ताकदीच्या गोळ्या" आणल्या होत्या. तीन आठवड्यांपासून तो एक घेत होता. केव्हा? सकाळी ९ ला, गजर वाजला की दुसऱ्या गोळीबरोबर, बाजारात, चहासोबत. मळमळ झाली की वरून ॲसिडिटीचं पातळ औषधही.

लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम हे डोल्युटेग्रॅविरला आतड्यात चिकटतात आणि ते शोषू देत नाहीत. रिकाम्या पोटी एकत्र घेतलं तर परिणाम सर्वांत वाईट. ज्या औषधाची पातळी रिफाम्पिसिनने आधीच उतरवली आहे, त्याचा भरपाईचा डोसच असा वाया जात होता. मात्र वजन उतरण्याचं खापर मी या बाटलीवर फोडणार नाही. तीन आठवड्यांच्या गोळ्यांमुळे ७०० ग्रॅम जातील असं नाही, वजन गेलं ते पोत्यांमुळे आणि रिकाम्या सकाळीमुळे. बाटलीचा धोका वेगळा आणि जास्त लांबचा आहे. औषधाची पातळी अशीच कमी राहिली तर विषाणू दबत नाही आणि काही महिन्यांनी त्याला औषधाविरुद्ध बळ येऊ शकतं. दोन वेगळ्या चुका एकाच दिवशी सापडल्या, एवढाच त्यांचा संबंध.

आजीसमोर हे समजावायचं कसं? मी म्हटलं, टीबीच्या गोळ्या चालू असताना ही गोळी त्यांच्या आड येते, मोठे डॉक्टर सांगतील तेव्हाच द्या. ते खोटं नव्हतं. डॉक्टरांनी कॅल्शियम पूर्ण बंद केलं. तिसऱ्या महिन्यात लोह द्यायचं ठरलं तेव्हा वेळ अशी काढली : डोल्युटेग्रॅविर सकाळी ९ आणि रात्री ९. लोह त्यानंतर किमान २ तासांनी आणि पुढच्या डोसच्या किमान ६ तास आधी. म्हणजे सकाळी ११ ते दुपारी ३ हीच मोकळी खिडकी, आणि त्याचं जेवण १ वाजता. लोह दुपारच्या डब्यासोबत. पातळ ॲसिडिटीचं औषध बंद, कारण पोट रिकामं राहणं थांबल्यावर मळमळ बरीच कमी झाली.

सकाळ अशी बदलली. गजर पाचचा. उठल्याबरोबर क्षयरोगाच्या गोळ्या. सहाला रात्रीच्या भाताची ताक घालून केलेली आंबील किंवा खिचडी, दोन अंडी. मग बाजार. खिशात खर्र्याच्या जागी फुटाणे-शेंगदाण्यांची पुडी, दहा वाजता खायची. त्याच्या सोबतचा एक हमाल हसला तेव्हा तो म्हणाला, औषध आहे. गोळ्या घेऊन उलटीसारखं झालं तर हलकं काहीतरी, एखादं बिस्किट, गोळीबरोबर चालेल असंही मी स्पष्ट केलं. थोडं कमी शोषण झालेली गोळी उलटीत गेलेल्या किंवा चुकवलेल्या गोळीपेक्षा बरी.

काम थांबवा असं सांगणं सोपं होतं आणि निरुपयोगी. टोळीच्या मुकादमाशी त्यानेच बोलून पोती उचलण्याऐवजी संत्र्याच्या पेट्या मोजायचं, चिठ्ठ्या लावायचं काम तीन महिने मागून घेतलं. मजुरी कमी, पण पाठीवर ओझं नाही. आणि वाटणीचा प्रश्न पातेल्यातच सोडवावा लागला. क्षयरुग्णांना मदत करणाऱ्या दात्यांना निक्षय मित्र म्हणतात. अशा एका व्यापाऱ्याकडून अन्नाची टोपली मिळायला लागली, ती आम्ही रुग्णाची न म्हणता घराची म्हणून लावली : डाळ, फुटाणे, तेल, सोयाबीन. झारखंडच्या त्याच अभ्यासात रुग्णासोबत राहणाऱ्या माणसांना धान्य-डाळ दिल्यावर त्यांच्यात क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं होतं. धाकट्याचं नाव अंगणवाडीत पुन्हा चढवलं. पत्नी आणि दोन्ही मुलांची क्षयरोगाची तपासणी झाली आणि त्यांना प्रतिबंधक उपचार सुरू झाले. रात्री वाढताना पत्नीने आपलं ताट मुलांसोबतच वाढून घ्यायचं, हे मी तिच्या सासूसमोर मुद्दाम सांगितलं. आजी म्हणाली, "तिले मी कधी नाही म्हटलं?" कोणी नाही म्हटलंच नव्हतं. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

एप्रिलच्या मध्यात ४३.९. मेमध्ये नागपूरचा उन्हाळा, भूक मेली, बाजारात घामाच्या धारा. त्या महिन्यात फक्त ६०० ग्रॅम वाढले आणि मी त्याची काळजी केली नाही. पन्हं, ताक, मीठ, रात्री गारव्यात मोठं जेवण, दुपारी हलकं. जूनच्या मध्यात ४६.१. जुलैत, सहा महिने पूर्ण होताना, ४८.३ किलो. बीएमआय १८.४. अजूनही १८.५ च्या एक पाऊल खाली आणि त्याच्या जुन्या ५४ पासून लांब. ५० ओलांडलं नाही म्हणून गोळ्यांचा गट बदलावा लागला नाही. विषाणूंची तपासणी झाली, विषाणू दबलेला निघाला. हिमोग्लोबिन १०.९. खर्रा दिवसाला एकवर आला आहे, सुटलेला नाही, आणि तोंड अजून दोन बोटंच उघडतं. ते कदाचित तेवढंच राहील, म्हणून कडक भाकरी-पोळी भिजवूनच.

शेवटच्या दिवशी क्षयरोगाच्या गोळ्या संपल्या तेव्हा पत्नीने विचारलं, मग सकाळची ती दुसरी गोळीही आजपासून बंद? नाही. रिफाम्पिसिन थांबलं तरी त्याने जागी केलेली विकरं शांत व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तोवर जादा डोल्युटेग्रॅविर चालूच ठेवायचं. तिने आणलेल्या कॅलेंडरवर मी पंधराव्या दिवसावर निळं वर्तुळ काढलं. त्यानंतर फक्त रात्री ९ ची गोळी, रोज, कायमची.

मग तिने दुसरं विचारलं, पैसे येणं थांबेल ना आता? थांबणार होतं. निक्षयचे हप्ते उपचारासोबत संपले, टोपलीही पुढच्या महिन्यापासून नाही. उरलं ते रेशनचं धान्य, अंगणवाडी आणि तिची मिरचीची मजुरी. त्याच्या जुन्या हमालीवर परतण्याबद्दल आम्ही ठरवलं की आधी ५० किलो, मग पोतं. पुढची भेट ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी लिहिली, तिच्या नावाने वेगळा कागद केला आणि त्यावर तिचं त्या दिवशीचं वजन घातलं. ४२.६.